आधी माळ, मग रिपोर्ट: पेडण्याच्या एका मुलाची गोष्ट

जुलैमधली भर पावसाची दुपार होती. पेडणे तालुक्यातलं एक कुटुंब माझ्या म्हापशाच्या दवाखान्यात आलं. आई, बाबा आणि 14 वर्षं 2 महिन्यांचा मुलगा. त्याला इथे सोहम म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि ही हकिकत लिहायला कुटुंबाची परवानगी आहे.

आईने पिशवीतून लॅबचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. टेस्टोस्टेरॉन 14 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. आकड्याच्या बाजूला लाल बाण, आणि त्यापुढे छापलेली ‘नॉर्मल’ पातळी साधारण 250 ते 950. ‘डॉक्टर, पोराचं हार्मोन इतकं कमी आहे. इंजेक्शन घ्यावं लागेल ना?’ त्यांना कुणीतरी पॅकेज टेस्ट करायला सुचवलं होतं, आणि तो लाल बाण पाहिल्यापासून घरात कुणाला नीट झोप नव्हती.

ती छापलेली पातळी वाढ झालेल्या पुरुषाची होती. वयात न आलेल्या मुलाचं टेस्टोस्टेरॉन 20 च्या खालीच असतं आणि तसंच असायला हवं. 14 या आकड्यातून एवढंच कळतं की मुलगा अजून वयात आलेला नाही, आणि ते तर त्याच्याकडे बघूनही कळत होतं. तो का आलेला नाही, या खऱ्या प्रश्नाला त्या कागदावर उत्तर नव्हतं.

सोहम फुटबॉल खेळायचा. पंधरा वर्षांखालच्या संघात त्याच्याच वयाच्या पोरांचे आवाज फुटले होते, ओठांवर मिसरूड आली होती. सराव संपला की तो सगळ्यांबरोबर कपडे बदलायचा नाही, तसाच घामेजलेला घरी यायचा. हे त्याने सांगितलं नाही, बाबांनी सांगितलं. तो खाली मान घालून बसला होता.

अशा मुलाला तपासताना पहिली गरज असते खाजगीपणाची. आई बाहेर थांबली, बाबा पडद्याअलीकडे. काय करणार आहे ते आधी सोहमला सांगितलं, तो हो म्हणाला, मगच हात लावला. या तपासणीला जे लागतं ते अगदी साधं आहे. दोरीत ओवलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत बारा अंडाकृती मणी. झुरिकचे डॉक्टर प्रादर यांनी ही माळ प्रचारात आणली. प्रत्येक मण्यावर 1 ते 25 मिलिलिटरपर्यंतचा आकडा असतो. एका हाताने वृषण चाचपायचा, दुसऱ्या हातातला त्याच्याशी जुळणारा मणी शोधायचा.

मुलाच्या वयात येण्याची पहिली खूण दाढी नाही, आवाज नाही, आणि जांघेतले केसही नाहीत. वृषण 4 मिलिलिटरचे होणं ही पहिली खूण. 9 ते 14 या वयात ते केव्हाही होऊ शकतं. 14 पूर्ण होऊनही झालं नाही तर त्याला उशीर म्हणायचं. केस फसवतात, कारण ते मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींच्या हार्मोनमुळेही येतात. सोहमला थोडे केस होते आणि घरच्यांना त्याचा आधार वाटत होता. वृषण मात्र दोन्ही बाजूंना 2 मिलिलिटर भरले.

उंची 151 सेंटिमीटर, वजन 41 किलो. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय 12 वर्षं निघालं, म्हणजे दोन वर्षं मागे. हिमोग्लोबिन, ईएसआर, थायरॉइड, क्रिएटिनिन, प्रोलॅक्टिन आणि गव्हामुळे आतडं बिघडवणाऱ्या सिलिॲक आजाराची चाचणी, सगळं ठीक. या तपासण्या करायच्या कारण शरीरात एखादा लांबलेला आजार दबून बसला असेल तर वयात येणं पुढे ढकललं जातं. पिट्यूटरी ग्रंथीची एलएच आणि एफएसएच ही दोन्ही हार्मोन कमी होती. यातून एक मोठी गोष्ट कळली. वृषणच बिघडलेले असते, उदाहरणार्थ क्लाइनफेल्टरसारख्या गुणसूत्रांच्या दोषात, तर पिट्यूटरीने जोर लावला असता आणि हे आकडे चढलेले दिसले असते. ते कमी होते, म्हणजे वृषणांना वरून हुकूमच मिळत नव्हता.

आता हुकूम उशिरा येणार आहे की कधीच येणार नाही? या विषयातली खरी अडचण इथे आहे. 14 व्या वर्षी या दोन्ही प्रकारच्या मुलांचे कागद अगदी सारखे दिसतात. एलएच कमी, टेस्टोस्टेरॉन कमी, हाडांचं वय मागे.

अशा मुलांपैकी बहुतेकांचं नुसतं घड्याळ मागे असतं. घरात बापाचं, काकाचं किंवा आईचंही तसंच झालेलं असतं. बाबा हसून म्हणाले, ‘मीपण बारावीत गेल्यावर उंच झालो.’ ते ऐकून मला हायसं वाटलं. जुनं काही ऑपरेशन झालंय का, असं विचारलं तेव्हा आई म्हणाली, ‘लहान असताना हर्नियाचं.’ मी फाइलमध्ये ‘हर्निया’ लिहिलं आणि पुढे गेलो.

सहा महिने थांबायचं ठरवलं. हाती असलेल्या आकड्यांवर तो निर्णय चूक नव्हता, आजही तसंच वाटतं. प्रश्न विचारण्यात मात्र कसूर झाली होती, ती कळायला वर्ष लागलं.

थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे. मुलगा सहा महिन्यांनी परत यायलाच हवा, त्याच माळेवर आणि त्याच उंची मोजायच्या पट्टीवर. आणि तोवर घरच्यांनी काय करायचं नाही, तेही सांगावं लागतं. कुणी पावडर सुचवतं, कुणी अश्वगंधा, कुणी जिमवाल्याकडचं इंजेक्शन. यातलं काहीही वृषणांना हुकूम देत नाही. आणि बाहेरचं टेस्टोस्टेरॉन मोठ्या माणसाच्या मात्रेत पोटात गेलं किंवा टोचलं गेलं तर हाडांची वाढीची टोकं लवकर जुळून उंची कायमची खुंटू शकते.

फेब्रुवारीत सोहम आला तेव्हा 14 वर्षं 9 महिन्यांचा होता. उंची दोन सेंटिमीटर वाढलेली. वृषण तेच, 2 मिलिलिटर. मोठा बदल त्याच्या मनात झाला होता. त्याने फुटबॉल सोडला होता. अशा वेळी आणखी थांबा म्हणणं मला कठोर वाटतं, आणि थांबायची गरजही नसते. 14 च्या पुढच्या मुलाला, त्याची इच्छा असेल तर, थोड्या महिन्यांसाठी अगदी लहान मात्रेत टेस्टोस्टेरॉन देतात. महिन्यातून एकदा 50 मिलिग्रॅम, असे तीन ते सहा महिने. त्याला चार दिले.

मात्रेबद्दल एक गोष्ट ठळक सांगतो, कारण चूक नेमकी इथे होते. टेस्टोस्टेरॉन एनान्थेटचं जे ॲम्प्युल सहज मिळतं त्यात एका मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असतं. म्हणजे 50 मिलिग्रॅमसाठी फक्त 0.2 मिलिलिटर घ्यायचं, बाकीचं फेकायचं. महागाचं औषध वाया जातं म्हणून पूर्ण टोचून घेणं हा या मुलांच्या बाबतीत सगळ्यात महाग पडणारा काटकसरीपणा आहे. मी चिठ्ठीवर मिलिग्रॅमबरोबर मिलिलिटरही लिहितो आणि जी नर्स टोचणार तिला फोन करतो.

या चार इंजेक्शनांचा दुसराही उपयोग असतो, आणि तो मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. औषधामुळे केस वाढतात, लिंग वाढतं, उंची वेग घेते, आवाज थोडा घोगरा होतो. वृषण मात्र औषधामुळे वाढत नाहीत. ते वाढतात फक्त पिट्यूटरीच्या हुकमाने. म्हणून कोर्स चालू असताना किंवा संपल्यावर माळेवर मणी पुढे सरकला, तर ते काम शरीराने स्वतः केलेलं असतं. त्याच वर्षी साखळी गावचा एक मुलगा माझ्याकडे होता, साडेचौदाचा. पहिल्या भेटीतच त्याचे वृषण 3 मिलिलिटर होते आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन 24. सकाळच्या रक्तात 20 च्या वर आकडा आला की बहुतेक मुलं वर्ष-सव्वा वर्षात वयात येऊ लागतात. त्याला काहीच दिलं नाही. सहा महिन्यांनी मणी 6 वर होता, आणि तो आनंदाने धावत निघून गेला.

इंजेक्शनांनी सोहम खुलला. चार महिन्यांत उंची वाढली, तो पुन्हा मैदानात जाऊ लागला. घरच्यांना वाटलं, झालं काम. मला वाटलं, आता मणी सरकेल. जूनमध्ये मोजलं, 2. म्हटलं, औषध अजून अंगात असेल, काही महिने जाऊ देत. नोव्हेंबरमध्ये तो 15 वर्षं 6 महिन्यांचा झाला होता. पुन्हा मोजलं, 2. सकाळी आठ वाजता रक्त घेतलं, टेस्टोस्टेरॉन 11. औषधाचा परिणाम ओसरला होता आणि त्याच्या जागी शरीराचं स्वतःचं काही उभं राहिलेलं नव्हतं.

इथे थांबायची मुदत संपली. घड्याळ नुसतं मागे असलेला मुलगा एवढ्या काळात जागा होतो. हाडांचं वय आता साडेतेराच्या पुढे होतं, आणि घड्याळ मागे असलेल्या मुलात साधारण याच सुमाराला वृषण जागे व्हायला हवेत.

मी फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली, आणि ‘हर्निया’ या शब्दावर अडलो. आईला विचारलं, जुना कागद आहे का? पुढच्या वेळी तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, कडा पिवळ्या पडलेला डिस्चार्जचा कागद आणला. त्यावर हर्निया होतं, पण दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत होतं, दोन्ही वृषण खाली उतरलेले नव्हते, ते शस्त्रक्रियेने खाली आणून बसवले. वय दीड वर्ष. या शस्त्रक्रियेत हर्नियाची पिशवीही बरेचदा बांधतात, आणि घरी सांगायला ‘हर्निया’ हा शब्द सोपा जातो, लाज वाटत नाही. घराघरात असं होतं. म्हणून आता मी ‘ऑपरेशन झालं का’ एवढ्यावर थांबत नाही. जन्मल्यावर दोन्ही गोट्या जागेवर होत्या का, एखादी वर अडकली होती का, असं सरळ विचारतो.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण मुलगा वयात येण्याची एक रंगीत तालीम जन्मानंतर लगेच होते. पहिल्या काही महिन्यांत बाळाचं एलएच आणि टेस्टोस्टेरॉन वर जातं आणि मग शांत होतं. गर्भातल्या शेवटच्या महिन्यांत आणि या तालमीत वृषणांचं खाली उतरणं व लिंगाची वाढ होत असते. हुकूम देणारी यंत्रणाच नसेल तर ही तालीमही होत नाही, आणि तिच्या गैरहजेरीच्या खुणा बाळाच्या अंगावर राहतात. दोन्ही बाजूंचे न उतरलेले वृषण, किंवा फार लहान लिंग. घड्याळ मागे असलेल्या मुलात या खुणा सहसा नसतात. म्हणजे चौदाव्या वर्षीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पहिल्या वर्षात लिहून ठेवलेलं होतं.

उरलेलं अर्धं नाकात होतं.

‘याला वास येतो का?’ हा प्रश्न मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारला. बाबा म्हणाले, ‘येतो की. बाम लावला की डोळ्यांत पाणी येतं.’ आई गप्प होती. मग सावकाश म्हणाली, ‘चवथीला मी हळदीच्या पानांत पातोळ्यो उकडते. घरभर वास सुटतो. धाकटी बाहेरून ओरडत येते. हा समोर बसून विचारतो, आज काय केलंस?’ आणि मग आठवत गेलं. दारात सुकी मासळी भाजत असली तरी तो नाक मुरडत नाही. उन्हाळ्यात काजूची बोंडं कुजत पडतात, सगळे नाकाला हात लावून जातात, हा नाही. सगळ्यांना वाटायचं सर्दी असेल.

सोहमला विचारलं, ‘तुका वास येता?’ तो म्हणाला, ‘म्हणजे कसो?’

जन्मापासून वास नसलेल्या मुलाला आपल्याकडे काही कमी आहे हे ठाऊकच नसतं. आणि बाम, अमोनिया, चिरलेला कांदा यांनी नाक झोंबतं ते वासाच्या नसेमुळे नव्हे, चेहऱ्याच्या स्पर्शाच्या नसेमुळे. म्हणून बामाने घरचे फसतात. तपासायचं असेल तर डोळे मिटून, एकेका नाकपुडीपाशी कॉफीची पूड, लवंग, साबण असं न झोंबणारं काहीतरी धरायचं. सोहमला यातलं काहीच कळलं नाही.

वासाचा आणि वयात येण्याचा संबंध फार सुंदर आहे. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात काही मोजक्या पेशी असतात, त्या पिट्यूटरीला पहिला हुकूम देतात. या पेशी तिथे जन्मत नाहीत. गर्भात त्या नाकाच्या जागी तयार होतात आणि वासाच्या नसांचे धागे धरून मेंदूकडे चालत जातात. ती वाट तयार झाली नाही तर मुलाला वासही येत नाही आणि हुकूम देणाऱ्या पेशीही जागेवर पोचत नाहीत. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. 1944 साली फ्रान्झ कालमन यांनी त्यावर लिहिलं, म्हणून ते नाव.

मग बाकीच्या खुणा शोधल्या. सोहमला म्हटलं, उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लाव. मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताची बोटंही आपोआप तसंच करू लागली. घरी याला ‘सवय’ म्हणायचे. सोनोग्राफीत डावं मूत्रपिंड नव्हतंच, एकच होतं. बांबोळीच्या इस्पितळात एमआरआय झाला, त्यात वास ओळखणारे मेंदूतले कंद दिसले नाहीत, पिट्यूटरी जागेवर होती, गाठ नव्हती. पिट्यूटरीला उत्तेजन देऊन पाहणाऱ्या चाचणीत एलएच जेमतेम हललं. जनुकाच्या तपासणीत अनॉस-1 मध्ये दोष निघाला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणजे ते आईकडून आलेलं असू शकतं.

कागद वाचून आईने पहिला प्रश्न विचारला, ‘वर्षभर थांबलो म्हणून काही बिघडलं का?’ खरं उत्तर दिलं. उंचीचं नुकसान नाही, हाडांचं फार नाही. पण त्याचे काही महिने मैदानाबाहेर गेले, आणि मी पहिल्याच दिवशी ते दोन प्रश्न विचारले असते तर ते वाचवता आले असते. बाबांचं ‘बारावीत उंच झालो’ खोटं नव्हतं. उशिरा वयात येणं इतकं सर्रास आहे की ते कुठल्याही घरात सापडतं. दुसरा आजार नाही, याचा तो पुरावा होत नाही.

मी आधी पाहायला हवी होती अशी आणखी एक गोष्ट शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर होती. घड्याळ मागे असलेली मुलं बहुधा लहानपणापासून वर्गात बुटकी असतात. सोहम चौथीपर्यंत वर्गाच्या मधोमध होता. तेराव्या वर्षानंतर इतर उंच झाले आणि तो मागे पडला. यावरून निदान होत नाही, पण शंका यायला हवी होती.

काही मुलांच्या बाबतीत सहा महिनेही थांबायचं नसतं, तेही इथे सांगतो. डोकेदुखी वाढत असेल, नजर बाजूने कमी दिसत असेल, रात्री उठून उठून पाणी पिणं आणि लघवी होत असेल, किंवा उंची जवळजवळ थांबलीच असेल, तर पिट्यूटरीजवळच्या गाठीची शंका घेऊन एमआरआय लगेच करायचा. वजन घटत असेल, जुलाब चालू असतील तर आधी पोट तपासायचं. एलएच-एफएसएच चढलेलं असेल तर गुणसूत्रं तपासायची. आणि वयात यायला लागून मध्येच थबकलेला मुलगा कधीही ‘उशीर’ या खात्यात टाकायचा नाही.

सोहमला पुन्हा 50 मिलिग्रॅमवर सुरू केलं. आता दर सहा महिन्यांनी मात्रा थोडी वाढेल आणि दोन-अडीच वर्षांत मोठ्या माणसाच्या मात्रेवर जाईल, म्हणजे निसर्ग जेवढा वेळ घेतो साधारण तेवढाच. काही थोड्या रुग्णांत पुढे यंत्रणा आपोआप जागी होते, म्हणून मोठेपणी अधूनमधून औषध थांबवून बघायचं असतं. मूल होण्याबद्दल बाबांनी त्याच्यासमोर विचारायचं टाळलं, तर सोहमनेच विचारलं. टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू तयार होत नाहीत. त्यासाठी वेळ आली की वेगळी इंजेक्शनं घ्यावी लागतात, एचसीजी आणि एफएसएच, कित्येक महिने, कधी दोन वर्षं. लहानपणी दोन्ही वृषण वर अडकलेले होते म्हणून त्याची शक्यता थोडी कमी आहे, पण दार बंद नाही. हे त्याला याच शब्दांत सांगितलं.

आणि दोन घरगुती गोष्टी. गॅस गळला तर त्याला कळणार नाही, म्हणून स्वयंपाकघरात गळतीचा अलार्म लावायचा, आणि शिळं अन्न वासावर सोडायचं नाही, तारखेवर पाहायचं. फुटबॉल बंद करायला सांगितलं नाही. मूत्रपिंड एकच आहे, म्हणून पोटात किंवा कुशीत जोराचा मार लागला किंवा लघवी लाल झाली तर त्याच दिवशी यायचं.

निघताना आई दारात थांबली. तिचा धाकटा भाऊ, सोहमचा मामा, 38 वर्षांचा. लग्न केलं नाही, दाढी कधी आलीच नाही, गावात लोक बोलतात म्हणून तो कुणाकडे जात नाही. ‘त्यालापण फणस पिकल्याचा वास येत नाही,’ ती म्हणाली. तीन आठवड्यांनी त्याला ती घेऊन आली. तो खुर्चीच्या कडेवर बसला, बोलला फार कमी. हाडांची घनता वयाच्या मानाने खूपच कमी होती, मनगट एकदा साध्या पडण्याने मोडलेलंही होतं. त्याच्या वयात हाडं आणि स्नायू अजून बरेच सुधारतात, हे सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘हे पोराक आधीच कळलें न्ही?’ हो म्हटलं. मग त्याने बाही वर केली आणि विचारलं, इंजेक्शन हातात की कमरेत.